तडकणारा गोळा आणि घसरणारे थर: निकेलवाल्या बॅटरीतला कण कसा टिकतो?

कॅनडातल्या हॅलिफॅक्स इथल्या डलहौसी विद्यापीठात एक छोटा लिथियम-आयन सेल सहा वर्षं अखंड चार्ज-डिस्चार्ज होत राहिला. २०,००० हून जास्त फेऱ्या झाल्या तेव्हा कुठे त्याची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर उतरली. तुलनेसाठी घेतलेल्या नेहमीच्या सेलने सुमारे २,४०० फेऱ्यांतच ती रेषा गाठली होती. दोन्ही सेल सिंक्रोट्रॉन नावाच्या प्रचंड यंत्राच्या तीव्र क्ष-किरणांखाली पाहिले, तर नेहमीच्या सेलमधल्या कणांना बारीक तडेच तडे होते आणि दुसऱ्यातले कण जवळजवळ कोरे करकरीत होते. २०२४ च्या अखेरीस ही बातमी आली आणि ‘सिंगल क्रिस्टल बॅटरी’ हा शब्द सगळीकडे फिरू लागला.

शब्द थोडा फसवा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, बॅटरीत एकच मोठा स्फटिक बसवला असेल. प्रत्यक्षात आत असते ती पूडच, नेहमीसारखी काळी. फरक त्या पुडीच्या एकेका कणात आहे.

## आधी पूड पाहू

बॅटरीच्या धन बाजूला, म्हणजे कॅथोडला, ही काळी पूड थोडा कार्बन आणि चिकटवणारा पदार्थ मिसळून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर लेपलेली असते. सगळा लेप इलेक्ट्रोलाइट नावाच्या द्रवात भिजलेला असतो. चार्ज करताना लिथियम पुडीच्या कणांतून निघून द्रवातून पलीकडे जातं, वापरताना परत येतं. पुडीत निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट हे तीन धातू असतात, म्हणून तिला एनएमसी म्हणतात. एनएमसी ८११ म्हणजे धातूंच्या दर दहा अणूंत आठ निकेलचे. निकेल जितकं जास्त, तितकं त्याच व्होल्टेजपर्यंत जास्त लिथियम बाहेर काढता येतं आणि गाडी तितकी लांब जाते. निकेल वाढवण्याची चढाओढ त्यासाठीच आहे.

ही पूड दोन रूपांत मिळते. रूढ रूप बहुस्फटिकी: साधारण १० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा गोल कण, पण तो एकसंध नसतो. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे हजारो स्फटिक एकमेकांना चिकटून तो गोळा बनलेला असतो. ओली वाळू मुठीत दाबून गोळा करावा तसा. हिशोबच करायचा तर १० मायक्रॉनच्या गोळ्यात अर्ध्या मायक्रॉनचे सुमारे आठ हजार दाणे बसतात. दुसरं रूप एकस्फटिकी: एक ते पाच मायक्रॉनचा कोनाकोनांचा खडा, सबंध एकच स्फटिक. त्याच्या आत सांधा नाही.

## लाकडी ठोकळ्यांचा गोळा

पावसाळ्यात लाकडी दार फुगतं आणि चौकटीत अडकतं. पण ते सगळीकडून सारखं फुगत नाही. तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत फारसा फरक पडत नाही. आता असे शेकडो लाकडी ठोकळे घ्या, प्रत्येकाचे तंतू भलत्याच दिशेला करा, सगळे घट्ट डिंकाने चिकटवून एक मोठा गोळा बनवा आणि त्याला रोज भिजवून रोज वाळवा. लाकूड टिकेल, डिंकाचे सांधे टिकणार नाहीत.

एनएमसीचा दाणा या लाकडासारखाच दिशा पाळतो. त्याची रचना थरांची आहे: धातू आणि ऑक्सिजन यांचे थर एकावर एक, आणि दोन थरांच्या मधल्या फटीत लिथियम. चार्ज करताना लिथियम निघू लागलं की थर स्वतःच्या पातळीत हळूहळू आकसतात, पूर्ण चार्ज होईपर्यंत सुमारे २ टक्के. थरांमधलं अंतर मात्र आधी उलट वाढतं. कारण समोरासमोरचे ऑक्सिजन एकमेकांना ढकलत असतात आणि मधलं लिथियम ते ढकलणं झाकून ठेवत असतं. लिथियम कमी झालं की थर फाकतात. मग ४.२ व्होल्टच्या अलीकडे-पलीकडे गोष्ट एकदम फिरते. इतके इलेक्ट्रॉन काढून घेतलेले असतात की ऑक्सिजनचा ऋणभारच कमी होतो, ढकलणं थंडावतं आणि फाकलेले थर झपाट्याने खाली बसतात. अभ्यासक याला एच२-एच३ बदल म्हणतात. आपण त्याला ‘थर बसणं’ म्हणू. निकेल जितकं जास्त, तितकं हे बसणं जास्त आणि जास्त अचानक.

आता गोळ्यातले दोन शेजारी दाणे डोळ्यांसमोर आणा. एकाचे थर सांध्याला समांतर, दुसऱ्याचे काटकोनात. थर बसतात तेव्हा पहिला सांध्यापासून मागे सरकतो आणि दुसरा सांध्याच्या बाजूनेच लांबी बदलतो. दोघांचं मोजमाप जुळत नाही. अर्ध्या मायक्रॉनच्या दाण्यात २ टक्के फरक म्हणजे १० नॅनोमीटर. ऐकायला काहीच नाही, पण हे पदार्थ मातीच्या भांड्यासारखे ठिसूळ आहेत. इतका ताण ते वाकून सोसत नाहीत, सांध्यावर सुटतात. डिस्चार्ज झाल्यावर फट बरीचशी मिटते, पण जुळत नाही. पुढच्या चार्जला तीच फट पुन्हा उघडते, थोडी पुढेही जाते.

आणि १० नॅनोमीटरची फट इलेक्ट्रोलाइटला पुरेशी आहे. त्याचा रेणू एका नॅनोमीटरहूनही लहान असतो.

## तडा गेला, मग काय बिघडलं?

इथे एक गैरसमज सरसकट दिसतो: तडा गेला म्हणजे कण फुटला आणि म्हणून बॅटरी मेली. खरं तर नुसत्या तड्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते तड्यात द्रव शिरल्यामुळे.

एक ग्रॅम पूड घेऊन हिशोब करून पाहू. कण गुळगुळीत गोल आहेत असं धरू, घनता ४.७ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. १० मायक्रॉनच्या अभंग गोळ्यांचं एका ग्रॅमचं बाहेरचं क्षेत्रफळ येतं ०.१३ चौरस मीटर, म्हणजे ए-४ आकाराच्या दोन कागदांएवढं. तेच गोळे सगळ्या सांध्यांवर सुटले आणि प्रत्येक अर्ध्या मायक्रॉनच्या दाण्याभोवती द्रव पोचला, तर क्षेत्रफळ होतं सुमारे २.५ चौरस मीटर. चाळीस कागद. ३ मायक्रॉनचे एकस्फटिकी खडे घेतले तर ०.४३ चौरस मीटर, सात कागद.

सुरुवातीला गोळ्याचंच पारडं जड आहे, हे लक्षात आलं का? दोन कागद विरुद्ध सात. फरक असा की सातचे सातच राहतात आणि दोनचे चाळीस होतात.

या प्रत्येक कागदावर काय घडतं ते महत्त्वाचं. पूर्ण चार्ज झालेल्या अवस्थेतलं निकेल अधाशी असतं, मिळेल तिथून इलेक्ट्रॉन ओढतं. समोर इलेक्ट्रोलाइट आला की त्याचं विघटन होतं, वायू निघतात, पृष्ठभागाजवळचा ऑक्सिजन सुटतो. राहतो तो निकेल ऑक्साइडसारखा काही नॅनोमीटर जाडीचा थर, ज्यात लिथियमला जायला वाटच नसते. एका दाण्यावरचा असा थर नगण्य, पण तो चाळीस कागदांवर चढला तर प्रत्येक लिथियमला आधी तो अडथळा ओलांडावा लागतो. शिवाय काही दाणे शेजाऱ्यांपासून इतके सुटतात की त्यांच्यापर्यंत इलेक्ट्रॉन पोचत नाहीत. ते जिवंत असून उपयोगाचे नसतात.

हे दोन बिघाड वेगळे ओळखता येतात. थकलेला सेल नेहमीच्या वेगाऐवजी अगदी सावकाश, वीस तास लावून चार्ज करून बघायचा. हरवलेली क्षमता बरीचशी परत आली तर साहित्य शाबूत आहे, वाट कठीण झाली आहे. परत आली नाही तर दाणे तुटले आहेत किंवा लिथियम कायमचं कुठेतरी अडकलं आहे. खात्री करायला सेल उघडून कणांचा आयनांच्या झोताने साफ छेद घेतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जुन्या गोळ्याचा छेद उन्हात तडकलेल्या तळ्यासारखा दिसतो, मध्यातून बाहेर फाकलेल्या भेगांचा. भेगा बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत पोचल्या आहेत की आतच थांबल्या आहेत, हे अशा छेदात सगळ्यात आधी पाहावं. आतच थांबलेली भेग कोरडी असते.

## मग एकस्फटिकी खडा तडकतच नाही?

सांधेच नाहीत, तर सांधे सुटणार कुठले? इथवर बरोबर. सगळा खडा एकाच दिशेने लांबतो, एकाच दिशेने आकसतो, भांडायला शेजारी नाही. डलहौसीचा सेल टिकला त्यामागे हे मोठं कारण आहे.

पण खडा सगळीकडे एकाच वेळी रिकामा होत नाही. लिथियम कडेने निघतं, गाभ्यातलं मागे राहतं. त्यामुळे काही काळ कड आकसलेली आणि गाभा अजून फाकलेला, अशी ओढाताण एकाच स्फटिकाच्या आत सुरू होते. तिच्यापुढे खडा मान तुकवतो ती थरांच्या दिशेने. पत्त्यांचा कॅट हातात धरून तिरका दाबला की पत्ते एकमेकांवरून सरकतात, तसे थर सरकतात.

अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे दाखवलं. त्यांच्या पुडीत निकेल ७६ टक्के होतं. चार्ज होताना खड्याच्या बाजूवर बारीक पायऱ्या उमटत होत्या आणि डिस्चार्ज होताना बऱ्याचशा पुसल्या जात होत्या. पत्ते सरकले आणि पुन्हा जागेवर आले. मात्र दर वेळी सगळे पत्ते नेमके जागेवर येत नाहीत. उरलंसुरलं सरकणं साठत जातं आणि थरांच्या मध्ये खरी चीर पडते. त्यांच्या हिशोबाने या पदार्थाचा खडा साधारण ३.५ मायक्रॉनहून लहान ठेवला तर तो चिरण्याच्या मर्यादेखाली राहतो. मला या कामातला हाच आकडा सगळ्यात कामाचा वाटतो. ‘एकस्फटिकी’ या शब्दाने काहीच हमी मिळत नाही, खडा किती मोठा हे विचारावं लागतं. पाच मायक्रॉनचा खडाही एकस्फटिकीच म्हणवतो.

या चिरा गोळ्यातल्या तड्यांपेक्षा शोधायला कठीण असतात. त्या पानांच्या कडेसारख्या सरळ, समांतर आणि अरुंद असतात, आणि छेद चुकीच्या दिशेने घेतला तर दिसतही नाहीत. ‘तडे आढळले नाहीत’ असं वाक्य एखाद्या लेखात वाचलं की छेद किती खड्यांचा आणि कुठल्या व्होल्टेजनंतर घेतला, एवढं जरूर पाहावं.

## तडकलेला गोळा जास्त वेगाने चार्ज होतो, हे कसं?

हे ऐकून बरेच जण गोंधळतात, आणि गोंधळावं असंच ते आहे.

घन पदार्थातून लिथियमला बाहेर पडायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. ३ मायक्रॉनच्या खड्याच्या मध्यापासून कड दीड मायक्रॉनवर. अर्ध्या मायक्रॉनच्या दाण्यात ती पाव मायक्रॉनवर. अंतर सहापट, म्हणून वेळ छत्तीसपट. अभंग गोळ्यात लिथियमला पाच मायक्रॉन चालावं लागायला हवं, म्हणजे तो खड्याहूनही मंद असायला हवा. पण पहिल्याच काही चार्जमध्ये तो तडकतो, तड्यांतून द्रव आत शिरतो आणि प्रत्येक दाण्याच्या दारात उभा राहतो. लिथियमचा लांबचा प्रवास संपतो.

जर्मनीतल्या गीसन विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये हे मोजून दाखवलं. वर्षानुवर्षं बहुस्फटिकी पुडीचा जो वेग तिचा अंगचा गुण समजला जात होता, त्यातला बराचसा वाटा तड्यांचा निघाला. एकस्फटिकी खडा मंद आहे असं नाही. तो आपला खरा वेग दाखवतो, गोळ्यासारखी तड्यांची मदत त्याला नसते.

तरी किंमत मोजावी लागतेच. डिस्चार्जच्या शेवटी, खडा लिथियमने जवळजवळ भरलेला असताना, आत शिरण्याचा वेग फारच कमी होतो आणि शेवटच्या काही टक्के जागा रिकाम्याच राहतात. म्हणून त्याच रसायनाच्या दोन पुड्या तपासल्या तर पहिल्या दिवशी एकस्फटिकी पुडीची क्षमता थोडी कमी भरते. नवा सेल तपासणाऱ्याला गोळा सरस वाटतो. हजार फेऱ्यांनंतर तपासणाऱ्याचं मत वेगळं असतं.

## मग सगळे एकस्फटिकीकडेच का वळत नाहीत?

वेगाचा मुद्दा आहेच. पण खरी अडचण भट्टीत आहे.

गोळा बनवायला धातूंचं हायड्रॉक्साइड पाण्यातून गोल कणांच्या रूपात खाली बसवतात, लिथियमच्या क्षारात मिसळतात आणि ऑक्सिजनच्या झोतात भाजतात. ८११ साठी साधारण ७५० ते ८०० अंश सेल्सिअस. दाणे मोठे वाढवून एकसंध खडा हवा असेल तर तापमान चढवावं लागतं. निकेल कमी असलेल्या पुडीला ९०० अंशांच्या वर नेलं तरी चालतं. जास्त निकेलची पूड मात्र त्या उष्णतेत लिथियम आणि ऑक्सिजन गमावते. निकेलचा आयन ०.६९ अँगस्ट्रॉम आणि लिथियमचा ०.७६, म्हणजे दोघे जवळजवळ एकाच मापाचे. रिकाम्या झालेल्या लिथियमच्या जागेत निकेल जाऊन बसतो आणि थरांमधली वाट बुजते. तापमान कमी ठेवलं तर दाणे वाढत नाहीत, जास्त ठेवलं तर वाट बुजते. एक उपाय म्हणजे वितळलेल्या क्षारात स्फटिक वाढवणं, पण नंतर तो क्षार धुवावा लागतो आणि जास्त निकेलच्या पुडीला पाणी मानवत नाही. दुसरा उपाय म्हणजे भाजल्यावर चिकटलेले खडे दळून सुटे करणं आणि दळताना दुखावलेला पृष्ठभाग पुन्हा भाजून सावरणं. दोन्हीत भट्टीची फेरी वाढते.

डलहौसीच्या आकड्यांकडे पाहताना हेच आठवावं. याच गटाचा २०१९ मधला गाजलेला निबंध, ज्यात गाडी १६ लाख किलोमीटरहून जास्त चालवेल अशा सेलचा दावा होता, तो एनएमसी ५३२ चा आहे. निकेल निम्मं. त्यात थर बसण्याचा तो जोरदार टप्पा नेहमीच्या व्होल्टेजला येतच नाही. तिथलं आयुर्मान उचलून ८११ ला चिकटवणं चूक आहे. उलट दक्षिण कोरियातल्या हानयांग विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये ८० ते ९० टक्के निकेलच्या दोन्ही रूपांची तुलना केली, तेव्हा एकस्फटिकी पूड क्षमतेत आणि टिकण्यातही मागे पडली. कारण वर आलंच आहे: मोठ्या खड्यात लिथियम असमान वाटलं जातं, एकाच खड्याचा एक भाग थर बसलेला आणि दुसरा फाकलेला राहतो. निकेल वाढत गेलं की हा फरक जास्त बोचतो.

## गोळ्यालाच सुधारता येणार नाही?

येतं, आणि ही बाजू बातम्यांत फारशी येत नाही. ठोकळ्यांचे तंतू भलत्या दिशेला असणं हाच मूळ रोग, तर तंतू नीट लावा. हानयांगच्याच गटाने थोडं बोरॉन मिसळून दाणे लांबट वाढवले आणि चाकाच्या आऱ्यांसारखे मध्यापासून बाहेर रचले. मग सगळे दाणे एका तालात आकसतात, ताण सांध्यांवर एकवटत नाही, आणि तडा गेलाच तर तो बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत क्वचित पोचतो. म्हणजे कोरडा राहतो. सांध्यांमध्ये दुसऱ्या पदार्थाचा पातळ थर भरून द्रवाची वाट अडवणं हाही मार्ग आहे.

## चार्ज ८० टक्क्यांवर थांबवला तर?

जास्त निकेलच्या बॅटरीत याला अर्थ आहे, आणि तो कणांच्या दोन्ही रूपांना लागू आहे. आकसण्यातला सगळ्यात वाईट भाग, थर बसण्याचा, चार्जच्या शेवटच्या हिश्श्यात येतो. तिथे रोज न जाणं म्हणजे गोळ्याचे सांधे आणि खड्याचे थर दोन्ही वाचवणं. प्रवासाआधी एखाद्या दिवशी पूर्ण चार्ज केल्याने काही बिघडत नाही. पूर्ण चार्ज करून दिवसेंदिवस तसंच ठेवणं जास्त वाईट, कारण तेव्हा अधाशी निकेल द्रवासमोर बसून असतं. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत हे थर बसणंच नसल्याने तिथे हा हिशोब लावू नये.

## पहिल्या चार्जच्याही आधी

एक तडा असा आहे ज्याचा चार्जशी संबंधच नाही. लेप वाळल्यावर त्याला जड रुळांमधून दाबून घट्ट करतात, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त पूड बसते. या दाबाखाली काही गोळे तिथेच फुटतात. द्रव भरण्याआधीच त्यांचे चाळीस कागद उघडे पडलेले असतात. एकस्फटिकी खडे हा दाब सहज सोसतात, म्हणून त्यांचा लेप जास्त घट्ट दाबता येतो आणि पहिल्या दिवशी कमी भरलेल्या क्षमतेतला काही भाग इथे वसूल होतो. काही उत्पादक म्हणूनच एकाची निवड न करता दोन्ही मिसळतात: मोठे गोळे, आणि त्यांच्यामधल्या पोकळ्यांत बसणारे लहान खडे. अशा लेपाचा छेद पाहिला की एकाच चौकटीत दोघं शेजारी दिसतात, दाबाने भेगाळलेला गोळा आणि त्याला टेकून बसलेला अखंड खडा.